अंजनी, दोन ओळींत

"ताई, जी लिपी आपल्याला वाचता येत नाही ती दगडावर घेऊ नये. घ्यायचीच तर आधी वाचणाऱ्या माणसाची नजर फिरू द्या तिच्यावरून," असं अंबरनाथचा पाटीवाला अनंता म्हणाला, तेव्हा नेत्राने त्याचं बोलणं झटकून टाकलं होतं. कडेवर जिज्ञासा किरकिरत होती, वास्तुशांत आठ दिवसांवर आली होती, आणि शब्द तर तिने स्वतः मोबाइलवरून काढून अनंताला पाठवला होता. यंत्र कशाला चुकेल? गॅसचं बटण तीनतीनदा बघणारी, मुलीच्या दुधात बोट बुडवून मगच पेला पुढे करणारी नेत्रा. पण तिथे मात्र तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

खरं तर वाचणारं माणूस तिच्या घरातच होतं. पण ते त्या माणसापासूनच लपवायचं होतं.

बदलापूरला कात्रपमध्ये नेत्रा आणि तिचा नवरा कैलास यांनी घर बांधलं. त्या आळीत घरं सगळी एका साच्यातली. बिल्डरचा प्लॉट नंबर एक, लाइट बिलावरचा दुसरा, सात-बाऱ्यावरचा तिसरा. त्यामुळे पत्ता म्हणजे घराचं नाव. 'आई एकवीरा कृपा'च्या पुढे डावीकडे, 'मातृछाया'समोर, असंच रिक्षावाल्याला सांगायचं. जिज्ञासाला घेऊन संध्याकाळी फिरताना नेत्रा पाट्या वाचत जायची. देवाची कृपा मानणारी घरं सगळ्यांत जास्त. मग आईबापांची. 'श्रमसाफल्य' म्हणजे नवरा-बायको दोघं नोकरीवाले, हे ओळखूनच घ्यायचं. एकाने दोन्ही मुलांच्या नावांची अर्धी अर्धी अक्षरं जोडून असा काही शब्द केला होता की, तो औषधाच्या गोळीचं नाव वाटायचा. नेत्राला एक गोष्ट दिसली होती. माणूस घराला नाव देतो ते नुसतं सापडावं म्हणून नाही. हे कुणामुळे झालं ते चारचौघांत सांगायची त्याला एकच जागा मिळते, ती म्हणजे दाराजवळची हातभर भिंत.

हे घर झालं ते कैलासच्या आईमुळे, अंजनीबाईंमुळे. नवरा दौलतराव गेल्यावर जांभूळ गावची जमीन भावकीने वाटून घेतली आणि बाईंच्या वाट्याला कातळाचा तुकडा टाकला. त्यातच बाईंनी माती आणून टाकली, वीस वर्षं भाजी काढली, टोपली डोक्यावर घेऊन विकली आणि पोरगा शिकवला. तरीही दगडावर नाव यायचं ते दौलतरावांचं, असं भावकीने धरूनच ठेवलं होतं. चुलत सासरे आण्णा तर 'दौलत निवास' म्हणून पत्रिकेचा मजकूरही सांगून मोकळे झाले. जित्या माणसाचं नाव दगडावर घालत नाहीत, त्यातून बाईमाणसाचं तर नाहीच, हे त्यांचं म्हणणं. नेत्राला मात्र बाईंचंच नाव हवं होतं. कैलास दोघांच्या मध्ये. त्याला नावाशी घेणंदेणं नव्हतं, खाली इंग्रजीत असलं की कुरियरवाला फोन करत नाही, एवढंच त्याचं मागणं.

नेत्राने इंग्रजी नाव फाटकाच्या खांबावर, नंबराच्या खाली छोटं करून टाकलं. पाटीवरची दुसरी ओळ तिने राखून ठेवली होती.

कारण साधं होतं. सहा महिन्यांपूर्वी पडद्यांचं कापड घ्यायला ती सासूबाईंना उल्हासनगरला घेऊन गेली होती. एका जुन्या घरावर संगमरवराची पाटी होती, तिच्यावर वर वळणावळणाची सिंधी अक्षरं आणि खाली देवनागरी. देवनागरीतला रंग उडून गेला होता. चालता चालता अंजनीबाई म्हणाल्या, "सक्खर भवन." मग जीभ चावली.

नेत्राने रिक्षात खोदून खोदून विचारलं, तेव्हा निघालं ते असं. बारा वर्षांच्या असताना त्या विठ्ठलवाडीला लाजवंतीबाई नावाच्या सिंधी बाईकडे पापड लाटायला जायच्या. बाईची मुलगी कमळा बरोबरीची. दुपारी बाई दोघींना एका पाटीसमोर बसवून अक्षरं गिरवायला लावायची. मराठी शाळेचं तोंड अंजनीबाईंनी कधी पाहिलं नाही, त्यामुळे आयुष्यात आलेली अक्षरं तेवढीच. लग्न होऊन आल्या तशी सासूने बजावलं की, ही उलटी अक्षरं या घरात नकोत. तेव्हापासून त्या अडाणी झाल्या. घराच्या कागदांवर अंगठा दिला, तो कैलासच्या समोर. त्याने शाईचा डबा धरला होता.

तर वास्तुशांतीच्या दिवशी काळ्या ग्रॅनाइटवर झेंडूची माळ आणि लाल कापड. होम झाला, आणि नेत्राने सासूबाईंना पुढे करून कापड ओढायला सांगितलं. वर ठसठशीत 'अंजनी', खाली सोनेरी रंगात दुसरी ओळ. मंडपात कुजबुज सुरू झाली. नीलिमा, शेजारच्या 'मातृछाया'तली, उगीचच हसली. कुणीतरी म्हणालं, ही उर्दू कुठून आली. नेत्रा म्हणाली, सिंधी आहे. पण तिचं लक्ष अंजनीबाईंकडे होतं. त्या पाटीसमोर उभ्या होत्या. डावीकडून बघितलं, उजवीकडून बघितलं. मग सुनेला वाईट वाटू नये इतक्या हळू म्हणाल्या,

"पोरी, ह्या माजा नाव नाय."

अनंताच्या कॉम्प्युटरला देवनागरी जमायची. ही उजवीकडून लिहायची लिपी मात्र त्याने डावीकडून लावली आणि अक्षरं सुटी सुटी मांडली. शेवटचं अक्षर आधी आलं होतं, आणि एकमेकांचे हात धरून उभी राहायची ती अक्षरं अनोळखी माणसांसारखी अंतर राखून उभी होती. दगडावर सोन्यासारखा चमकणारा तो नुसता ठिपक्यांचा पसारा होता.

आण्णांना आयतं मिळालं. ते म्हणाले, बघ, दगडालासुद्धा पटलं नाही. दुपारच्या आत पाटी उतरवून 'दौलत निवास' लावा, नाहीतर भावकीतलं एक माणूस पानावर बसणार नाही. कैलासने नेत्राकडे पाहिलं. त्या बघण्याचा अर्थ तिला कळला, सोड ना.  पंगत, भावकीतली देवाणघेवाण, उद्या मुलीच्या शाळेत हीच माणसं, रात्री कुणी दगड मारला तर काच कुठल्या बाजूची फुटेल इथपर्यंत तिचं मन धावून आलं. पण तोंडातून निघालं ते वेगळंच.

"पाटी उतरेल, आण्णा. चुकलीय म्हणून उतरेल. नाव उतरणार नाही, आणि ओळही नाही."

"ती अक्षरं कोण वाचणार हाय आपल्यात?"

"जिचं घर आहे ती."

आण्णा हसले. म्हणाले, अंगठाबहाद्दर बाई वाचणार, मग तर मी विमानच चालवतो.

अंजनीबाई होमाजवळ गेल्या. पूजेच्या ताटातली हळदीची वाटी घेतली, तीत पाणी घातलं, आणि नव्या पांढऱ्या भिंतीवर, पाटीच्या शेजारी, उजवीकडून सुरुवात केली. आधी एक उभी रेघ, एकटी. मग पुढची चार अक्षरं बोट न उचलता, एकातून एक. शेवटी मागे येऊन ठिपके दिले, वर एक, पोटात एक, वर एक, खाली दोन. बोट पदराला पुसलं.

"अंजनी," त्या म्हणाल्या. "येतं मना. तुमीच कदी इचारला नाय, भावजी."

कैलास त्या पिवळ्या अक्षरांकडे बघत राहिला. शाईचा डबा धरलेला हात त्याने खिशात घातला. मग आण्णांना म्हणाला की, ज्यांना बसायचं त्यांनी बसावं, वरण गरम आहे. आण्णा आणि त्यांच्याबरोबर सात-आठ जण उठून गेले. बाकीचे जेवले. नीलिमाने दोनदा श्रीखंड घेतलं.

दुसऱ्या दिवशी नेत्रा सासूबाईंना घेऊन कमळाबाईंना शोधायला निघाली. विठ्ठलवाडी डेपोच्या मागे जुनी तीन मजली इमारत. दुसऱ्या मजल्यावर दाराला अजून लाजवंतीबाईंच्या काळची लाकडी पाटी, वर सिंधी, खाली देवनागरी. कमळाबाई एकट्याच राहतात. मुलं लांब. ऐकू कमी येतं, नजर मात्र सुईत दोरा ओवणारी. दोन म्हाताऱ्या एकमेकींना बघून रडतील अशी नेत्राची तयारी होती. तसं काही झालं नाही. कमळाबाईंनी मोडक्या मराठीत विचारलं, "पापड आता गोल येतो का तुझा?" आणि मोबाइलवर चुकलेल्या पाटीचा फोटो बघून पोट धरून हसल्या.

नाव त्यांनीच लिहून दिलं. जाड कागद, बोरू, एका हाताने दुसऱ्या हाताचं मनगट धरून. अनंताने तो कागद जसाच्या तसा स्कॅन केला. अक्षरं म्हणून नाही, चित्र म्हणून. म्हणजे यंत्राला अक्कल लढवायला वावच राहिला नाही. स्टिकर कापला, अक्षरांच्या जागा सोलून काढून तो दगडावर चिकटवला, आणि तो दगड सासूबाईंना दाखवून म्हणाला, आता वाचा. त्यांनी वाचलं. मगच त्याने वाळूचा फवारा सुरू केला. उघडा दगड खोदला जातो, स्टिकरखालचा राहतो. खाचांत रंग भरला, सुकू दिला, स्टिकर ओढून काढला. देवनागरी वरच्या रेघेला लोंबते आणि ही खालच्या रेघेवर बसते, म्हणून मध्ये बोटभर जागा जास्त सोडावी लागली, नाहीतर वरच्या अक्षरांचे पाय आणि खालचे ठिपके भांडतात, हेही त्यानेच सांगितलं. या वेळी नेत्राने ऐकून घेतलं.

पाटी लागली. तिचा फोटो काढून कुणीतरी आळीच्या ग्रुपवर टाकला, खाली नको ते लिहिलं. नेत्राने पहिले चार दिवस खिडकीच्या कड्या दोनदा बघितल्या. पाचव्या दिवशी तिने स्वतःच फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'वरची ओळ तुमच्यासाठी, खालची आमच्या आईसाठी. ज्याला वाचायची असेल त्याने संध्याकाळी यावं, आई शिकवते.' आलं कोणी नाही. जिज्ञासा मात्र खडूने फरशीवर उजवीकडून उभ्या रेघा मारत असते. हळदीचं नाव कैलासने रंगवू दिलेलं नाही. फिकं झालंय, पण आहे.

अंजनीबाई रोज दुपारी कमळाबाईंना फोन करतात. परवा फोन उचलला गेला नाही. कालही नाही. जिज्ञासाला दोन दिवस ताप, त्यामुळे नेत्राचा पाय घरात अडकलाय, कैलास ड्युटीवर, आणि सासूबाईंना एकटीला तो जिना झेपत नाही. दारासमोर जो कुणी पाटी बघायला थांबतो, त्याला नेत्रा एकच विचारते. तुम्ही हे वाचताय, तर तुम्हालाही विचारणं आहे. विठ्ठलवाडीला उतरणार असाल तर डेपोच्या मागे जा. दुसरा मजला, लाकडी पाटी, वरची ओळ तुम्हाला वाचता येणार नाही, तेच घर. ऐकू कमी येतं, तेव्हा दार जोरात वाजवा. उघडेपर्यंत वाजवा. आणि कात्रपला 'अंजनी'वर निरोप द्या.