दुसरीच्या खुर्चीत तोंड घालायचं नाही

सलूनच्या मॅनेजरबाईंना भांडणं मिटवण्याचा वेगळा पगार नव्हता, पण निम्मा जीव त्यातच जायचा. ग्राहकाच्या डोक्यावरून दोघी जणी एकमेकींना टोमणे मारायला लागल्या की तो ग्राहक पुन्हा उंबरा चढत नाही. म्हणून सगळे खटले मागच्या चहाच्या खोलीत, दार लावून चालायचे. आधी एकीचं ऐकायचं, मग दुसरीचं, मग दोघींना समोरासमोर बसवायचं. टिपेवरून रुसवेफुगवे झाले तेव्हा त्यांनी ठरवून दिलं की केस धुणारीचा वाटा तिथल्या तिथे तिच्या हातावर ठेवायचा. अक्काच्या कात्रीनं कुणीतरी फॉइल कापून धारेची वाट लावली, तेव्हा ठरलं की कात्री ज्याची त्याची आणि ड्रायर सगळ्यांचा.

क्लायंटचं भांडण मात्र चिवट निघालं. अक्का सलूनमधली सगळ्यात जुनी कारागीर. चिमणी कालपरवा आलेली, हाताला चपळ आणि तोंडाला त्याहून चपळ. अक्काकडे वर्षानुवर्षं येणाऱ्या एक शिक्षिका अक्काच्या रजेत चिमणीकडे बसल्या आणि पुढच्या वेळी फोनवर त्यांनी चिमणीचंच नाव सांगितलं. झालं! अक्का त्यांच्या खुर्चीमागे उभी राहून "डावीकडे जास्त कापलंय" असं बोलू लागली. चिमणी रडकुंडीला आली.

नेमकी त्या दिवशी गर्दी होती. मॅनेजरबाईंना वेगवेगळं ऐकून घ्यायला सवड नव्हती. त्यांनी दोघींना एकदम आत बोलावलं.

"आजपासून दुसरीच्या खुर्चीत तोंड घालायचं नाही. एक अक्षरही नाही. जी बोलेल ती घरी जाईल. कळलं?"

"कळलं, ताई," अक्का म्हणाली. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला होता. या वयात दुसरी नोकरी कुठे मिळणार, हे तिला कुणी सांगायला नको होतं.

नियम छान चालला. सलून कसं शांत झालं! मॅनेजरबाईंना रात्री झोप लागू लागली.

मग एके दिवशी शिक्षिका आल्या आणि म्हणाल्या, "मला केसांत सोनेरी बटा हव्यात."

चिमणीनं विचारलं, "आधी काही रंगवलंय का?"

"छे, रंग कधीच नाही," त्या म्हणाल्या. खरंच होतं ते. रंग नव्हताच. पण आठ-नऊ महिन्यांपूर्वी अक्कानं त्यांचे केस औषध लावून सरळ केले होते, आणि ते चिमणीनं विचारलं नाही. एका बटेवर करून बघायचं, तेही तिनं घाईत टाळलं. शेजारच्या खुर्चीत अक्का कुणाचे तरी केस वाळवत होती. ब्लीच कालवलेलं तिनं पाहिलं. ड्रायर बंद केला. मॅनेजरबाईंकडे पाहिलं. त्या काउंटरमागून नेमक्या तिच्याकडेच बघत होत्या, आणि त्यांनी बोट ओठांवर ठेवलं. अक्कानं ड्रायर पुन्हा चालू केला.

धुताना केस रबरासारखे ताणले जाऊन हातात यायला लागले. केस धुणारी किंचाळली. चिमणीनं ओल्या बटा मुठीत धरल्या, जणू परत लावता येणार होत्या. शिक्षिका आरशात स्वतःकडे बघत राहिल्या. कानामागे डोक्याची कातडी दिसत होती.

"औषधानं सरळ केलेल्या केसांवर ब्लीच चालत नाही," अक्का हळूच म्हणाली.

"तुला माहीत होतं?" शिक्षिकांचा आवाज चिरकला. "इतकी वर्षं तुझ्या हातात डोकं दिलं मी. मग बोलली का नाहीस गं?"

अक्कानं मॅनेजरबाईंकडे पाहिलं. चिमणीनंही पाहिलं. एक वाक्य पुरलं असतं. 'नियम माझा होता.' ते मॅनेजरबाईंच्या जिभेवर आलंही. पण दारात दोन ग्राहक वाट बघत होते आणि मालकांचा फोन यायचाच होता. त्यांचा धीर सुटला.

"मॅडम, असं काही केलेलं असलं तर तुम्हीच सांगायला हवं होतं," त्या म्हणाल्या.

शिक्षिकांनी ओढणी डोक्यावर घेतली आणि त्या निघून गेल्या. पैशाचं कुणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरबाई लवकर आल्या. अपराधी वाटत होतंच. दोघींना वेगवेगळं बोलवायचं, नियम मोडीत काढायचा, माफीही मागायची, असं त्या वाटेत घोकत आल्या होत्या. चहाच्या खोलीचं दार लावलेलं होतं. आतून बोलणं ऐकू येत होतं, अक्काचं आणि चिमणीचं, घरातल्या सख्ख्या माणसांसारखं. चिमणी रडत होती आणि अक्का तिला समजावत होती.

त्यांनी दार ढकललं. दोघी गप्प झाल्या आणि दोघींनी एकदमच कप खाली ठेवले.

"काही काम होतं का, मॅडम?" अक्कानं विचारलं.