परत आलेला वाटा

"घड्याळ बंद पडलं म्हणजे ते रुसलं असं नाही गं पोरी. आत काहीतरी अडलेलं असतं. झाकण काढ, बघ."

वडिलांचा हा आवाज अक्काने पहिल्यांदा ऐकला तेव्हा तिचं डोकं जेमतेम दुकानाच्या टेबलाला लागत होतं. तेव्हापासून तिला झाकण काढून बघायची खोडच लागली. रेडिओ बघितला, कुलूप बघितलं, शेजारणीचं शिलाई मशीन तर दोनदा बघितलं. आता पन्नाशी उलटली, वडील जाऊन दोन वर्षं झाली, पण खोड काही गेली नव्हती.

म्हणूनच बँकेचा निरोप मोबाइलवर आला, 'परदेशी पाठवलेली रक्कम परत', तेव्हा तिच्या मनात पहिला प्रश्न उठला, की का बरं?

रक्कम साधी नव्हती. वडिलांचं घड्याळाचं दुकान तीन महिन्यांपूर्वी विकलं होतं. अक्काने आपलं टेबल, भिंग आणि चिमटे उचलून घराच्या पुढच्या खोलीत आणले आणि विक्रीचा बरोबर अर्धा भाग धाकट्या भावाला पाठवला. धाकटा सतरा वर्षांपूर्वी शिकायला परदेशी गेला आणि तिकडचाच झाला. अडीच आठवड्यांपूर्वी पैसे पाठवले त्या दिवशी तिने फोन केला, तेव्हा तो "बरं" एवढंच म्हणाला. त्यानंतर फोन उचलणं बंद. 'कामात आहे', 'नंतर बोलतो', एवढाच निरोप मोबाइलवर टाकायचा. पैसे तर आज ना उद्या येतील, ते कुठे जातात! पण भाऊ दुरावला तर त्याला कुठल्या खिडकीवर मागायचं?

बँकेत परदेशी व्यवहारांची खिडकी सगळ्यांत कोपऱ्यात होती, झेरॉक्सच्या यंत्राला पाठ लावून. तिथली बाई अक्काला आठवडाभरात चांगली ओळखू लागली होती. चष्मा कपाळावर चढवायची, मग शोधत बसायची.

"चष्मा वर आहे तुमचा," अक्का म्हणाली.

"अगं बाई! या, बसा. तुमच्या चौकशीचं उत्तर आलंय सकाळीच."

"आधी मला सांगा, पैसे आहेत कुठे आत्ता?"

"तुमचे पैसे फिरून आलेत हो, भरपूर." बाईंनी कागदावर तीन चौकोन काढले. "ही आपली बँक. ही मधली. ही तुमच्या भावाची. आपण त्या बँकेला थेट ओळखत नाही, म्हणून मधल्या बँकेच्या हातून पाठवतो. येतानाही त्याच वाटेने आले. काल आपल्या मुख्य कार्यालयाच्या परदेशी खात्यात पोचले."

"मग माझ्या खात्यात का नाही पोचले?"

"तिथे रोज ढिगाने रकमा येतात. कुठली कुणाची ते मूळ संदर्भ क्रमांकाशी जुळवावं लागतं. मी तुमचा क्रमांक कालच कळवलाय. दोन कामाचे दिवस धरा. आज बुधवार, म्हणजे शुक्रवारी संध्याकाळपर्यंत."

"पाठवले होते तेवढेच?"

"तेवढे नाहीत." बाईंनी आवाज जरा उतरवला. "मधली बँक आपली दलाली कापून घेते, जाताना आणि येतानाही. शिवाय तुम्ही परकीय चलन पाठवलं होतं, ते आता आपल्या चलनात बदलणार, त्या दिवशीच्या दराने. आम्ही विकतो त्या दराने नाही, घेतो त्या कमी दराने. आणि पाठवायचं शुल्क परत मिळत नाही."

"म्हणजे गेलं दूध आणि आलं ताक!"

बाई हसल्या. "अगदी. पण पावती देईन, काय कापलं ते ओळीओळीने."

अक्काने कागद आपल्याकडे ओढला. मधल्या चौकोनावर बोट ठेवून ती विचारू लागली. दलाली कोण ठरवतं? रात्रीतून दर पडला तर? संदर्भ क्रमांक पैशाबरोबर परत येतो का, की पैसे वेगळे, क्रमांक वेगळा? बाईंनी एकेकाचं उत्तर दिलं. मागे उभ्या असलेल्या माणसाने घसा खाकरला, तेव्हा त्याच म्हणाल्या, "भाऊ, जरा बसा. अशी विचारणारी माणसं वर्षाकाठी एखादीच येतात."

"आणि कारण?" अक्काने शेवटी विचारलं. खरं म्हणजे सगळ्यांत आधी विचारायचं तेच होतं, पण त्याला हात लावायला धीर होत नव्हता.

बाईंनी चष्मा खाली ओढला आणि पडद्यावर नजर लावली.

"तुम्ही फॉर्मवर 'पैसे कशासाठी' या रकान्यात काय लिहिलं होतं, आठवतंय?"

"वडिलांच्या दुकानाच्या विक्रीतला भावाचा अर्धा वाटा."

"इतकं सगळं?"

"खरं तेच लिहिलं."

"बहुतेक लोक घरखर्च लिहितात हो. इथे मात्र वाटा म्हटल्यावर त्याच्या बँकेने त्याला पत्र धाडलं. मालमत्तेतला हक्क कबूल करणाऱ्या कागदावर सही करून द्या, मग जमा करू. त्याने सही केली नाही. उलट कळवलं, पैसे पाठवणाऱ्याला परत करा. आपल्याला आलेलं कारण तेच आहे. घेणाऱ्याच्या सांगण्यावरून परत."

अक्काच्या मनात पहिला विचार आला तो कडू होता. माझ्या हातचं नकोसं झालं का त्याला? पण तो विचार तिथे फार वेळ बसला नाही. तिला दुसरंच खटकलं.

"नको असते तर त्याने मला सांगितलं असतं. पत्राची वाट कशाला बघितली असती? म्हणजे त्याला अडलं ते पैशांपाशी नाही. सहीपाशी."

"असेलही," बाई म्हणाल्या. "पण हे मला कसं दिसणार? माझ्याकडे एवढीच ओळ आहे."

अक्का उठली. बाकावर, कुंडीशेजारी जाऊन बसली. फोन करायच्या आधी तिने निरोप टाकला, 'तुझ्या सहीबद्दल विचारायचंय. रागावले नाही.' आणि घंटी दिली. तिसऱ्या घंटीला त्याने उचलला.

"अक्का."

"जिवंत आहेस म्हणायचं! कोरडं खातोस ना, आवाज बसलाय."

"कामात होतो गं."

"हो हो, सतरा दिवस एकच काम. हे बघ, मी भांडायला नाही फोन केला. बँकेत बसलेय. पैसे शुक्रवारी माझ्या खात्यात येतील, थोडे कापून. ते राहू दे. त्यांनी तुला कागद पाठवला, हा माझा हक्काचा वाटा आहे असं लिहून दे म्हणून. तू सही का नाही केलीस? एवढंच सांग. मला नुसतं कळायचंय."

पलीकडे दार लावल्याचा आवाज आला. मग खुर्ची सरकल्याचा.

"करणार होतो," तो म्हणाला. "दोनदा पेन टेकवलं."

"मग?"

"माझा वाटा मी घेऊन बसलोय, अक्का. सतरा वर्षांपूर्वी. इकडे यायचे पैसे बाबांनी दुकान गहाण ठेवून उभे केले. तुला मात्र त्यांनी सांगितलं, दुकानाचं छप्पर आणि फळ्या बदलायला कर्ज काढलं. आठ वर्षं हप्ता भरायला तू कुरकूर न करता बाबांच्या हातात पैसे ठेवलेस, आणि मला सगळं ठाऊक होतं. त्यांनी मला शपथ घातली होती, 'अक्काला सांगू नकोस, कळलं तर ती तुला जाऊ देणार नाही.' मी गप्प बसलो. ते गेल्यावरही बसलो. ते सगळे पैसे तुझे आहेत. मग 'हा माझा हक्क' असं लिहून सही कशी करू?"