उंटावर आळ

आमच्या फाटकात उंट अडकला नव्हता. हे मी आधीच सांगून टाकते, कारण त्या मुक्या जनावराची बदनामी मला अजून सहन होत नाही.

सांगानेर सोडून चाकसूकडे निघालं की लहान रुळांच्या लाइनवर आमचं फाटक. आमचे हे, म्हणजे दशरथ इंगळे, तिथे गेटमन. आम्ही मूळचे अकोल्याचे, बदली मागून राजस्थानात आलो आणि मग परत जायचं राहूनच गेलं. फाटक जुन्या पद्धतीचं, दोन्ही बाजूंना लोखंडी दारं. एक लोटून कुलूप घालायचं, रूळ ओलांडायचे, मग दुसरं. टेलिफोन नव्हता. कोळशाचं इंजिन असल्यामुळे धूर लांबून दिसायचा. तो दिसला, शिट्टी ऐकू आली, की फाटक बंद. एकदा का धूर दिसला, मग राजा आला तरी दार उघडायचं नाही, हे ह्यांचं तत्त्व. राजा कधी आला नाही. त्याऐवजी उत्तमरावसाहेब आले.

उत्तमरावसाहेब म्हणजे आमच्या भागातले रेलपथ निरीक्षक. रूळ, खडी, फाटकं आणि आमच्यासारखी फाटकावरची माणसं सगळी त्यांच्या हाताखाली. नगरकडचे, मराठी बोलायचे, म्हणून ह्यांना त्यांचा भारी अभिमान. मला नव्हता.

त्या दिवशी चाकसूला शीतलामातेचा मेळा होता. जयपूरची माणसं त्या दिवशी चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशीचं शिळं खातात, त्याला बासोडा म्हणतात. उत्तमरावांच्या सासूबाई, भागुबाई, गावाहून आल्या होत्या, आणि जावयाच्या शेजारणींनी ही देवी सांगितल्यावर त्यांना दुसरं काही सुचेना. मेहुण्याची जीप मागून आणली, मागे बायको, सासू आणि शिळ्या पुऱ्यांची पातेली, पुढे स्वतः उत्तमराव चालवायला. गर्दी टाळायची म्हणून मोठा रस्ता सोडून आडवाटेने आमच्याकडे.

नुकतीच शेजारच्या गावातल्या भंवरलालची उंटगाडी फाटकातून पलीकडे गेली होती. तेवढ्यात ह्यांना चाकसूच्या बाजूला धूर दिसला. ह्यांनी पलीकडचं दार लोटून कुलूप घातलं आणि अलीकडचं लावायला वळले. तोच जीप आली. हे हात वर करून उभे राहिले, तर साहेब खिडकीतून ओरडतात, "अरे इंगळे, मी आहे!"

जणू "मी आहे" म्हटल्यावर इंजिनही थांबणार होतं!

बाजूने जीप आत घुसली. पुढे पाहतात तर दार बंद. मागे घ्यायची सोडून साहेबांनी दाराच्या कडेने वाट काढायला चाक वळवलं. ते रस्त्याची कड सोडून खडीत उतरलं, आणि जीप रुळावर आडवी बसली ती बसलीच.

ह्यांनी अलीकडचं दार बंद केलं, रुळांच्या मधोमध लाल कापडाचा फलक रोवला, फटाक्यांचा डबा घेतला आणि धुराच्या दिशेने पळत सुटले. हे फटाके दिवाळीचे नव्हेत. ते रुळावर बांधतात, इंजिनाचं चाक वर आलं की धडाका उडतो आणि ड्रायव्हर जागच्या जागी ब्रेक लावतो. दुसऱ्या बाजूला लाल झेंडी घेऊन मी उभी राहिले. हात झेंडीत गुंतले होते, पण जीभ मोकळी होती. मी भंवरलालला अशी हाक मारली की उंटच आधी वळला.

बायका खाली उतरल्या. मी म्हटलं, "आजी, इकडं सावलीत बसा. पानी देऊ?"

भागुबाईंनी आमच्या घराकडे एकदा पाहिलं, उघड्या दारातून दिसणाऱ्या, भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोकडे पाहिलं. "नको. आमच्याकडे आहे," म्हणाल्या. पिशवीतून आपला पितळी तांब्या काढला, दोन घोट प्यायल्या आणि तो आमच्या ओट्याच्या अगदी कडेला ठेवला. मला कळायचं ते कळलं. त्या घाईतही राग आला, खोटं कशाला सांगू.

लांबून धडाधड फटाके वाजले. गाडी थांबली. इकडे भंवरलालने उंट गाडीपासून सोडला, जीपला दोर बांधला, मी ह्यांनी जाताना टाकलेल्या किल्लीने पलीकडचं दार उघडलं नि त्याने जीप ओढून बाहेर काढली. उंट मात्र सबंध वेळ असं तोंड करून होता की साहेबांनी त्याची माफी मागावी. बायका जीपमध्ये कोंबल्या गेल्या आणि धुरळा उडवत मंडळी देवीला गेली. मी दारं लावली, रूळ मोकळा असल्याची खूण केली, ह्यांनी हिरवी झेंडी दाखवून गाडी पुढे आणली. ड्रायव्हरने जाता जाता विचारलं, "ऊँट था क्या?" लांबून त्याला तेवढाच दिसला होता.

तांब्या ओट्यावरच राहिला.

आता खरी गंमत. गाडी थांबली की कागद निघतो. ह्यांनी आपल्या अक्षरात रिपोर्ट लिहिला, जे झालं ते, जीप कुणाची, चालवत कोण होतं, सगळं. तो द्यायचा कुणाला? उत्तमरावसाहेबांना! साहेबांनी वाचला आणि परत आणून दिला.

"इंगळे, ड्रायव्हरने उंट लिहिलाय. तुम्हीही उंटच लिहा. उंटगाडी अडकली, निघून गेली. आपली माणसं आपण, एकमेकांना सांभाळायला नको?"

"पन साहेब, धूर दिसल्यावर उंटगाडी आत सोडली म्हनजे चूक माही ठरते."

"कोण ठरवणार? चौकशी माझ्याकडेच येणार आहे."

ती त्यांच्याकडे आली नाही. चौकशीला वरचे इंजिनियर माथुरसाहेब स्वतः येणार असं कळलं. उत्तमराव तरीही मागे हटले नाहीत, उलट उंटाचा रिपोर्ट स्वतः तयार करून सहीला पाठवून दिला.

ह्यांनी तो समोर ठेवला आणि नुसते बसून राहिले. सही केली तर नोकरी जाणार, राहायची खोलीही जाणार. नाही केली तर साहेबाशी वैर, आणि ड्रायव्हरही उंटच म्हणतोय.

"माह्यावर कोन विश्वास ठेवन?" हे म्हणाले.

"मंग काय, उंटावर ठेवतीन?" मी म्हटलं. "ज्यानं ओढून काढलं त्याच्यावरच आळ! सही करू नका. खरा कागद टोपीत ठेवा. बाकीचं मी पायते."

"तू काय पायतं?"

"तांब्या."

कारण रूळ दुरुस्त करणाऱ्या आमच्या गँगच्या मेटकडून, म्हणजे मुकादमाकडून, मला एक बातमी कळली होती. उत्तमरावांच्या घरी तांब्यावरून आकांत चालला होता. लग्नात सासूने जावयाला दिलेला तांब्या, नाव कोरलेला. भागुबाईंची खात्री होती की तो मेळ्यात देवळापाशी राहिला. आमच्या ओट्यावर तो राहिला असेल हे त्यांच्या मनातही येणं शक्य नव्हतं! तांब्या सापडल्याशिवाय मी गावाला जायची नाही, असं सांगून त्या ठाण मांडून बसल्या होत्या. साहेब रोज चाकसूला माणूस धाडत होते. मी तो आधीच परत पाठवणार होते, खरंच. पण उंटाचा कागद आला आणि मी तांब्या चिंचेने घासून लख्ख केला.

माथुरसाहेब मोटार ट्रॉलीवर आले, बरोबर उत्तमराव. ट्रॉली रुळावरून उतरवून बाजूला ठेवली, दोन खुर्च्या आमच्या ओट्यापुढे मांडल्या. ड्रायव्हरचा कागद वाचून झाला. माथुरसाहेब ह्यांच्याकडे वळले.

"धुआँ दिखने के बाद ऊँटगाड़ी अंदर कैसे आई?"

हे टोपीशी चाळा करत उभे. उत्तमरावच पुढे सरसावले. "साहब, आदमी अच्छा है, बस जरा गफलत हो गई. छोटी सजा दे दीजिए." वर माझ्याकडे पाहून मान हलवतात, जणू उपकारच करताहेत!

मी आत गेले, तांब्या भरला, पदर नीट केला आणि बाहेर येऊन माथुरसाहेबांसमोर धरला. "साब, पानी."

उत्तमराव खुर्चीतून उडालेच. चेहरा असा उजळला की लग्नातही उजळला नसेल. "अहो! हा इथे राहिला होय! आठ दिवस घर डोक्यावर घेतलंय सासूबाईंनी! मी तिकडे देवळात माणसं धाडतोय, आणि हा..."

आणि मग ते थांबले. नुसते थांबले नाहीत, तोंड उघडं तसंच राहिलं.

माथुरसाहेबांना मराठी येत नव्हती, पण सासू आणि घर एवढं सगळ्यांना कळतं. त्यांनी तांब्या हातात घेतला, फिरवून कोरलेली अक्षरं वाचली. 'चि. उत्तमराव यांस सप्रेम भेट, भागुबाई.' मग शांतपणे पाणी प्यायले. अर्धा तांब्या.

"उत्तमरावजी," ते म्हणाले, "आप यहाँ कब आए थे?"

उत्तमराव खिशात रुमाल शोधू लागले.

"ऊँट पर आए थे?"

ट्रॉलीवाले तोंड फिरवून हसायला लागले. मी हसले नाही. मला हसू आवरता येतं, गरज असली की. हे मात्र पुढे झाले, टोपी काढली आणि आतला घडी घातलेला कागद माथुरसाहेबांच्या हातात दिला. तेव्हा मला ह्यांचं इतकं कौतुक वाटलं की डोळे भरून आले.

माथुरसाहेबांनी तो सगळा वाचला. मग उत्तमरावांना म्हणाले की तुमचा जबाब आता तुमच्याच अक्षरात लिहा, इथेच बसून. ह्यांना म्हणाले, "पटाखे ठीक जगह लगाए. शाबाश." भंवरलालचाही जबाब घ्यायचं ठरलं. उंटाचं नाव कागदावरून गेलं.

उत्तमराव लिहायला बसले. दोन ओळी लिहायचे, घाम पुसायचे. ऊन चढलं होतं. त्यांनी थुंकी गिळली, एकदा, दोनदा. इकडेतिकडे पाहिलं. पिशवी नव्हती, दुसरं भांडं नव्हतं, ट्रॉलीवरची सुरई रिकामी.

मी तांब्या आमच्या माठातून पुन्हा भरून आणला आणि त्यांच्यापुढे धरला.

"घ्या साहेब. तुमचाच तांब्या हाये. पानी तेवढं आमचं."

क्षणभर त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग त्या अक्षरांकडे. आणि दोन्ही हातांनी तांब्या उचलून शेवटच्या थेंबापर्यंत प्यायले.