नामंजुरीचं पाकीट

पोस्टमन दारात उभा राहून नाव वाचत होता आणि वहिनी त्याला ठासून सांगत होती, "अहो, असं कोणी इथे राहत नाही."

"पत्ता तर हाच आहे."

"पत्ता असू दे. या आडनावाचं आमच्यात कोणी नाही, नव्हतं. घेऊन जा परत."

आत भाजी चिरत बसलेल्या नणंदेच्या कानावर ते नाव पडलं आणि विळीवरचा हात तिथल्या तिथे थांबला. पहिलं नाव तिचं. पुढची दोन्ही नावं मात्र तिच्या बापाची नव्हती. ती कोणाची होती हे त्या घरात तिच्याशिवाय कोणाला आठवत असेल तर शपथ.

"माझंच आहे ते," ती उठत म्हणाली. "फंडाच्या ऑफिसची चूक झालेली दिसतेय."

पाकीट प्रॉव्हिडंट फंडाच्या ऑफिसचंच होतं. आत चार ओळींचा कागद. रक्कम काढण्याचा अर्ज नामंजूर. कारण, बँक खात्यावरचं नाव सभासदाच्या नावाशी जुळत नाही. तिने अर्जाला रद्द केलेला चेक जोडला होता, त्यावर बँकेने छापलेलं नाव होतं, बापाच्या नावासकट. फंडाच्या नोंदीत मात्र बावीस वर्षं ती दुसऱ्याच कोणाची तरी बायको होती.

वहिनीने विचारलं, "मग खोलीचं काय?"

तोच तर खरा प्रश्न. दोन गल्ल्या पलीकडे एक खोली तिने बघून ठेवली होती. एक खिडकी, एक मोरी, आणि आतून लावता येईल असं दार. भावंडांची शिक्षणं, लग्नं, बाळंतपणं काढता काढता ती पन्नाशीला टेकली, आणि या घरात तिचं स्वतःचं म्हणावं असं काय होतं, तर दिवाणाखालची ट्रंक. घरमालक अनामत रकमेसाठी महिनाअखेरपर्यंत थांबायला तयार होता. तोही कुरकुरत. वहिनी काही वाईट नव्हती, पण धाकट्या मुलाला अभ्यासाला ती झोपते तो दिवाण लागणार हे तिने दोनदा बोलून दाखवलं होतं.

दुसऱ्या दिवशी ती कारखान्यात गेली. शर्ट शिवण्याचा कारखाना, आणि काही महिन्यांपूर्वी नोकरी सोडेपर्यंत ती तिथे तयार मालाची तपासनीस. उसवलेला टाका हिच्या नजरेतून सुटायचा नाही म्हणून बायका तिला 'भिंगवाली' म्हणत. अशा बाईने नोकरीला लागताना स्वतःचा फंडाचा फॉर्म तेवढा न वाचता सही करून दिला होता. का, तर तो भरणारा माणूस परका नव्हता. तेव्हाचा टाइमकीपर. त्याच्याशी तिचं लग्न ठरलेलं होतं, महिन्यावर आलेलं. ही नोकरीही त्यानेच लावून दिली होती.

लग्न झालं नाही. पंधरा दिवसांत बाप गेला आणि तीन भावंडं तिच्या गळ्यात पडली. "यांचं मार्गी लागू दे, मग बघू," ती म्हणाली. तो तीन वर्षं थांबला. शेवटी तिनेच त्याला सांगितलं, की थांबू नका. तो इतका गुणी, की तेही ऐकलं त्याने. आता तो हिशेबनीस होता आणि फंडाच्या कागदांवर मालकाच्या वतीने सही करायचा अधिकार त्याचाच होता.

ऑफिसातल्या नव्या मुलीने नामंजुरीचा कागद वाचला. "सोपं आहे, मावशी. जॉइंट डिक्लेरेशन करावं लागेल. एका रकान्यात नोंदीतलं चुकीचं नाव, शेजारी बरोबर नाव, सोबत ओळखपत्राची प्रत. खाली तुमची सही आणि कंपनीची सही. फंडाने नोंद दुरुस्त केली की अर्ज नव्याने टाकायचा. पण हजेरीपटावर तर तुमचं नाव बरोबर आहे. फंडात हे कुठून आलं?"

"मी लिहिलं होतं," आतल्या टेबलावरून तो म्हणाला. "तू जरा स्टोअरमधून कोरे फॉर्म घेऊन ये."

मुलगी गेली. त्याचे केस पिकले होते, चष्मा आला होता, पण पेन अजूनही खिशाला उलटंच लावलेलं. तिला हसू आलं आणि त्याच क्षणी रागही आला.

"हजेरी सगळ्यांसमोर पुकारली जायची, म्हणून तिथे वडिलांचंच लावलं," तो म्हणाला. "फंडात मात्र... म्हटलं, महिन्यात बदलायचंच आहे, कशाला दोनदा खाडाखोड."

"आणि मोडल्यावर?"

"हात उठला नाही."

"वर्षाच्या स्लिपा यायच्या ना? त्यावर दिसलं असतं मला."

त्याने टेबलाचा खालचा खण किंचित उघडला आणि परत लावला. आत तिच्या स्लिपांचा गठ्ठा होता.

"आणि दीड महिन्यापूर्वी माझा अर्ज पुढे पाठवला, त्यावर सही कोणाची?"

"माझी."

"म्हणजे तो परत येणार हे तुम्हाला ठाऊक होतं."

"होतं."

"अहो, मग तेव्हाच सांगायचं. माझी खोली अडकलीय तिकडे. तुमच्या हळवेपणापायी मी दिवाणाखाली ट्रंक घेऊन बसायचं का?"

"चुकलं माझं," तो खाली बघत म्हणाला. "नोकरी सोडलीस तेव्हा निरोप न घेता गेलीस. म्हटलं, अर्ज परत आला तर येशील."

तिला चांगलं फैलावर घ्यायचं होतं त्याला. शब्द सगळे तयार होते. पण या माणसासमोर बसून राहावं, संध्याकाळचा भोंगा होईपर्यंत नुसतं बसावं, असं तिला इतक्या जोराने वाटलं की तिने खुर्चीची कड धरली.

मुलगी फॉर्म घेऊन आली. "चला, आता लिहून टाका," तो म्हणाला. मुलीसमोर त्याला 'तुम्ही' आठवलं.

पहिला रकाना, चुकीचं नाव. तिने आपलं नाव लिहिलं, पुढे त्याचं, पुढे त्याचं आडनाव. लग्न ठरलं तेव्हाही लाजेपोटी कुठल्या वहीत तिने असं लिहून पाहिलं नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा लिहिलं, ते चुकीच्या रकान्यात. अक्षर मात्र सुरेख आलं. शेजारी बापाचं नाव लावून बरोबर नाव लिहिलं.

"कारण?" मुलीने विचारलं.

"लिपिकाची चूक, असं लिहा," तो म्हणाला.

तिने सही केली. शेजारी त्याने केली, शिक्का मारला. एका कागदावर दोघांच्या सह्या अखेर झाल्या.

"नामंजुरीचं पत्र जोडायचं का?" मुलगी म्हणाली.

"लागत नाही ते," तो चटकन म्हणाला. "त्यांचं त्यांच्याकडे राहू दे."

त्याने पाठपुरावा केला, एवढं श्रेय त्याला द्यायलाच हवं. स्वतः फंडाच्या ऑफिसात दोन खेटे घातले. नोंद दुरुस्त झाली, नवा अर्ज गेला, आणि रक्कम खात्यात जमा झाली. महिनाअखेर उलटून गेली होती. घरमालकाने तोंड वाकडं केलं, पण किल्ली दिली.

भाचा ट्रंक पोचवून गेला. तिने दार लावलं, आतून कडी घातली, खिडकी उघडली. मग ट्रंकेतून ते पाकीट काढलं आणि त्यावरचं नाव मोठ्याने वाचलं, पोस्टमनने वाचलं होतं तसं, सगळं, आडनावासकट. आता फंडाच्या नोंदीतही ते उरलं नव्हतं.

"हो," ती म्हणाली. "इथेच राहते."