हलका हात

सिदिकातचा हात हलका आहे हे आबेओकुटा शहरातल्या त्या गल्लीत सगळ्यांना ठाऊक होतं, आणि ज्याला नव्हतं त्याला ती स्वतःच सांगायची. दुकानाच्या पाटीवर नावाखाली तिने रंगवून घेतलं होतं, ‘इथे वेण्या दुखत नाहीत.’ वेण्या घालणाऱ्या बायका गल्लीत चार होत्या, पण रडक्या पोरींच्या आया हटकून सिदिकातकडे यायच्या. समोर रस्त्यापलीकडे वासिऊची आई बसायची. तिला सगळे इया वासिऊच म्हणत. तिची वेणी तीन आठवडे हलत नसे, पण पहिले दोन दिवस डोकं उशीवर टेकवत नसे. पाटीवरचा टोमणा कुणाला आहे हे इया वासिऊला कळायला वाचता यायची गरज नव्हती.

सिदिकातची मुलगी अबेके सात वर्षांची. बाप मालट्रक घेऊन उत्तरेला जायचा, महिन्यातून एकदा उगवायचा. जानेवारीतली कोरडी धूळ गल्लीभर उडत होती आणि आठवडाभर अबेकेचं नाक वाहत होतं. सर्दी ओसरली, आणि गुरुवारी ती डावा कान धरून बसली.

“मम्मी, कान बंद झालाय. आत पाणी गेल्यासारखं. मी बोलले की माझाच आवाज आत घुमतो.”

“दुखतोय?”

“खूप.”

सिदिकात कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात गेली. ओगुनलेये म्हातारा होता आणि गिऱ्हाइकाला शिकवल्याशिवाय बाटली हातात देत नसे. त्याने मुलीचं वजन विचारलं, पॅरासिटामॉलचं पातळ औषध काढलं आणि मापाच्या टोपणावर पेनाने खूण केली.

“इथपर्यंत. सहा तासांनी परत. दिवसात चार वेळा, पाचवी नाही. सर्दीने आतली नळी बुजते, कानाच्या पडद्यामागे पाणी साचतं, म्हणून ठणकतं. बहुतेक वेळा दोन-तीन दिवसांत आपोआप उतरतं.”

“त्या लाल-पिवळ्या कॅप्सूल द्या ना दोन. लवकर बरं वाटेल.”

“त्या डॉक्टरने लिहून दिल्याशिवाय नाही.”

“मग कोमट तेल घालू? आमची आई घालायची.”

“काही घालायचं नाही. तेल नाही, काडी नाही, कापूसही खुपसायचा नाही. आणि नीट ऐका, इया अबेके. ताप चढला, तीन दिवसांत दुखणं गेलं नाही, कानातून पू आला, मान ताठली, मुलगी गळून पडली, किंवा कानामागे सूज आली, तर माझ्याकडे यायचं नाही. थेट इस्पितळ.” त्याने स्वतःच्या कानामागच्या हाडावर बोट ठेवून दाखवलं. “इथे. ही सूज आली तर त्याच दिवशी.”

“आम्ही काय अडाणी आहोत?” सिदिकात हसली.

औषध लागू पडलं. शनिवारी अबेके शेंगदाणे चघळत गल्लीत फिरत होती. कान अजून बंद होता, पण ठणका गेला होता. रविवारी सिदिकातने बाटली फळीवर ठेवून दिली.

रविवार म्हणजे वेण्यांचा दिवस. शाळेत दर आठवड्याची वेणी ठरलेली असते आणि सोमवारी फाटकात बाई उभ्या राहून डोकी तपासतात. त्या आठवड्याला सगळ्या वेण्या मागे न्यायच्या होत्या. बाहेरची सहा डोकी आटोपल्यावर सिदिकातने स्वतःच्या मुलीला पायांत घेतलं, उजवी बाजू आवरली आणि डावी बाजू वर घेताना चुकून तिचा डावा कानच दाबला.

अबेके अशी किंचाळली की रस्त्यापलीकडची माणसं उठून बघू लागली.

“सिदिकात,” समोरून इया वासिऊने सावकाश विचारलं, “वेण्या घालतेस की डोकं सोलतेस? ती पाटी तरी उतरव आता.”

बाकावर बसलेल्या दोन बायका हसल्या. मनावर घेण्यासारखं काही नव्हतं, पण सिदिकातने घेतलं. तिने मुलीच्या दंडाला चिमटा काढला आणि दातांतून म्हणाली, “गप्प बस. माझी अब्रू घालवू नकोस.” अबेके गप्प बसली. ती शहाणी मुलगी होती, आणि ते शहाणपण तिला फार महागात पडलं.

मंगळवारी तिला ताप भरला. कानामागे दुखतंय म्हणाली. सिदिकातने फळीवरची बाटली काढली. वेणी ओढली गेली असेल, तिला वाटलं. नाही, वाटलं नाही, तिने वाटून घेतलं. घट्ट वेणीने केसांच्या मुळाशी पुरळ उठतं हे खरं, पण ते बारीक असतं, ओळीने असतं आणि दोन दिवसांत बसतं. वीस वर्षं डोकी हाताळलेल्या बाईला हे सांगायला लागत नाही.

बुधवारी दुपारी तिने दार लोटून घेतलं आणि डाव्या बाजूच्या सगळ्या वेण्या सोडल्या. कानामागे, हाडावर, एक सूज होती. एकच. गरम, तुळतुळीत, हात लावताच मुलगी मागे सरकली. तिथे कुठल्या वेणीचं मूळ नव्हतं. बोटांना त्याच क्षणी कळलं. बोटं खोटं बोलत नाहीत, ते काम तोंडाचं.

त्याच दिवशी निघायचं होतं. पण शुक्रवारी एका नवरीकडची मंडळी वेण्यांसाठी येणार होती. नवरी, तिच्या बहिणी, मैत्रिणी, आठ डोकी, आणि सगळ्या जणी रविवारी बाकावर बसून ते किंचाळणं ऐकलेल्या बाईच्या ओळखीच्या. सिदिकातची मुलगी वेण्यांनी सुजून इस्पितळात आहे, एवढं एक वाक्य गल्लीत फिरलं असतं तर आठही डोकी रस्ता ओलांडून गेली असती. मग पाटीचं काय, आणि नावाचं काय. शुक्रवार झाला की नेते, तिने ठरवलं. दोनच तर दिवस.

अबेकेच्या डोक्याला तिने निळा रुमाल बांधला, कान झाकून. औषध संपत आलं होतं, म्हणून परत ओगुनलेयेकडे गेली.

“अजून दुखतंय का मुलीचं?” त्याने विचारलं.

“छे, ती बरी झाली. हे शेजारणीच्या पोरासाठी.”

“शेजारणीलाही सांगा मग, मी सांगितलेलं.”

“सांगते की.”

गुरुवारी अबेके दुकानाच्या मागच्या कोपऱ्यात चटईवर पडून होती. औषध पोटात गेलं की तीन-चार तास ती बरी असायची, चवळीची अकारा भजी कुरतडायची, गिऱ्हाइकांकडे बघून हसायची. तेवढं बघून सिदिकातला धीर यायचा. औषधाचा असर उतरला की ती भिंतीकडे तोंड करायची. हाक मारली तर वळायची नाही. सिदिकात म्हणायची, “रुसलीये.”

शुक्रवारी नवरीकडच्या बायका आल्या आणि दुकान हसण्याने भरलं. सिदिकातची बोटं चालली होती. नवरी आरशात बघून म्हणाली, “खरंच दुखत नाही हं. जादू आहे तुमच्या हातात.” सिदिकात मोठ्याने हसली, समोर ऐकू जाईल इतक्या मोठ्याने.

ते ऐकूनच की काय, इया वासिऊ रस्ता ओलांडून आली. निमित्त कंगवा मागायचं. खरं कारण आठ डोकी मोजायचं असावं. ती दारात उभी राहिली, तिची नजर कोपऱ्यात गेली, आणि ती कंगवा विसरली.

“ही अशी का पडलीये?”

“सर्दी झालीये. झोपू दे तिला.”

इया वासिऊ वाकली. तिने रुमाल सोडला. डावा कान मडक्याच्या कानासारखा पुढे आणि खाली आला होता, आणि त्याच्यामागे लिंबाएवढी लाल सूज होती. दुकानातलं हसणं थांबलं.

सिदिकात हातातली वेणी न सोडता म्हणाली, “वेणी ओढली गेली असेल थोडी.” वीस वर्षांत पहिल्यांदा तिने आपला हात जड असल्याचं कबूल केलं, आणि तेही खोटं.

“वेणीने कान पुढे येतो होय?” इया वासिऊचा आवाज चढला नाही. “मी आयुष्यभर घट्ट वेण्या घालतेय, मला शिकवतेस? माझ्या जड हाताने असं एकदाही झालं नाही. ऊठ.”

तिनेच मुलीला उचललं. तिनेच मोटरसायकलवाल्याला हाक मारली. इस्पितळात मुलगी तिच्याच खांद्यावर होती आणि आई मागून चपला सावरत चालत होती.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या, झोप न झालेल्या. त्यांनी कानामागे एकदाच बोट लावलं आणि नर्सला सुई आणायला पाठवलं.

“सूज कधीपासून?”

“कालपासून,” सिदिकात म्हणाली.

इया वासिऊने तिच्याकडे बघितलं.

“एका दिवसाची ही सूज नव्हे,” डॉक्टरीणबाई म्हणाल्या. “औषध काय दिलंत?”

“दुखायचं. टोपणाच्या खुणेपर्यंतच दिलं. एक थेंब जास्त नाही दिला.”

“ते बरोबर दिलंत. त्याने दुखणं कमी होतं. पण कानातला पू हाडात उतरला, त्याला ते औषध काय करणार? सूज दिसली त्या दिवशी आणलं असतं तर कदाचित शिरेतून औषध देऊन भागलं असतं. आता आत गळू झालंय. चिरून काढावं लागेल. थोडं हाडही.”

“ऐकू येईल ना तिला?”

“आधी जीव वाचवू. पू तिथून मेंदूकडे जाऊ शकतो. कानाचं नंतर बघू.”

डोकं अर्धं भादरलं. उरलेल्या बाजूच्या वेण्या तशाच होत्या, रविवारच्या, सरळ, एकसारख्या. नर्स म्हणाली, किती सुबक घातल्यात. सिदिकात भिंतीला टेकून खाली बसली आणि रडली. तिला बुधवार परत हवा होता. फक्त तो एक बुधवार, दार लोटून घेतल्यापासूनचा.

अबेके वाचली. दहा दिवस शिरेतून औषध गेलं, जखम भरली. तीन महिन्यांनी कान तपासला तेव्हा डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की डाव्या बाजूला फार थोडं ऐकू येतं, आणि जे गेलं ते बहुधा परत यायचं नाही. वर्गात तिला पुढे, उजवा कान बाईंकडे करून बसवा.

गल्लीत कुणी सिदिकातला बोल लावला नाही. रोग होता, अल्लाची मर्जी, तिच्या हाताचा काय दोष, असंच सगळे म्हणाले. आणि हे सगळ्यांना ठासून कुणी सांगितलं, तर इया वासिऊने. “वेण्यांचा काही संबंध नाही,” ती म्हणाली. “मी स्वतः बघितलं.” बुधवारचं मात्र तिने कुणाला सांगितलं नाही, कारण तिला ते माहीतच नव्हतं. गिऱ्हाइकी वाढली. पाटी जागेवर राहिली. जे वाचवायचं होतं ते सगळं वाचलं.

पावसाळ्यात केस वाढले आणि एका रविवारी सिदिकातने अबेकेला परत पायांत घेतलं. डाव्या बाजूच्या आखूड केसांत बोटं फिरवली, व्रण टाळून पहिलं पेड घेतलं. इतक्या हळू तिने आजवर कुणाचेच केस धरले नव्हते.

“दुखतंय का गं?” तिने त्या कानाशी वाकून विचारलं.

अबेके समोर रस्त्याकडे बघत बसली होती. सिदिकातने परत विचारलं. मग तिसऱ्यांदा. मग तिने पेड खाली सोडलं आणि उठून दुसऱ्या बाजूला गेली.