स्वखुशीचा वेग

"अख्खी स्ट्रिप नको गं, अर्धी दे," सिद्धेश म्हणाला आणि त्यानं स्वतःचा चहा विजयश्रीपुढं सरकवला. जणू चहात हिशेब मिटणार होता.

ताथवड्याच्या कॉलेजचं कॅन्टीन दुपारचं नुसतं घोंघावत होतं. विजयश्रीनं चहाला हात लावला नाही.

"माझ्या नावानं लिहून दिलीय डॉक्टरनी. तुझ्या नाही."

"नावात काय ठेवलंय गं? सेमिस्टर डोक्यावर आलीय. कॉफी चालते, क्लास चालतो, मग गोळीनंच काय घोडं मारलंय?"

"कॉफी दुसऱ्याला पाजली म्हणून गुन्हा दाखल होत नाही. या गोळीच्या चिठ्ठीची एक प्रत मेडिकलवाला ठेवून घेतो. उगाच ठेवत नाही."

सिद्धेश हसला. प्रॅक्टिकलला तिच्या बॅगेतून स्ट्रिप पडली, ती यानंच उचलून दिली होती. नाव वाचूनच दिली होती.

"उद्या निरंजन सरांच्या तासाला याच गोळ्यांवर चर्चा आहे. मी बाजूनं, तू विरोधात. नाही दिलीस ना, तर सगळ्यांसमोर सांगतो, बाईसाहेब स्वतः गोळी टाकून पहिल्या येतात. मग ठोक नीतिमत्तेवर भाषण."

तो उठून गेला. चहा तसाच गार झाला.

तिला लहानपणापासून भिरभिरी म्हणत. डबा विसरली, भिरभिरी. गणित अर्धवट सोडलं, भिरभिरी. मास्तरांनी बेंचवर उभं केलं आणि वर्ग खदाखदा हसला. त्या हसणाऱ्यांत एकालाही वाटलं नाही की या पोरीला दवाखान्यात न्यावं. कॉलेजात आल्यावर ती स्वतःच मानसोपचारतज्ज्ञाकडं गेली. त्यांनी शाळेची जुनी प्रगतिपुस्तकं मागवली, आईला बोलावून खोदून खोदून विचारलं, मग कुठं लक्ष न टिकण्याच्या आजाराचं नाव घेतलं. गोळी अगदी कमी डोसपासून सुरू झाली. अजूनही दर खेपेला वजन बघतात, रक्तदाब बघतात, झोप विचारतात.

गोळीनं ती हुशार झाली नव्हती. पहिल्या दिवशी समोरच्या माणसाचं वाक्य शेवटपर्यंत ऐकू आलं होतं, एवढंच. पण ते एवढंच तिला आयुष्यात पहिल्यांदा मिळालं होतं.

तरी दुपारची गोळी ती कॉलेजच्या टॉयलेटमध्ये, आतून कडी लावून घ्यायची. मेंदूची गोळी खाणाऱ्या पोरीला हे जग कुठल्या नावानं हाक मारतं, ते तिला ठाऊक होतं.

संध्याकाळी मोशीच्या घरी आई कंपनीच्या बसमधून उतरून आली. सुमनताई मूळच्या परभणीकडच्या. चाकणला गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात लाइनवर उभ्या राहून त्यांची बोटं राठ झाली होती, बोली मात्र अजून तिकडचीच होती.

"तोंड का पाडून बसलीस?"

विजयश्रीनं सगळं सांगितलं. सुमनताईंनी पाय पसरले, पोटऱ्या दाबल्या.

"देऊन टाकलीस तर तू सुटशील. पर त्यो घेणार, मग त्याचा दोस्त घेणार. आमच्या सोजरबाईवाणी व्हायचं."

"कोण सोजरबाई?"

"लाइनवर होती माझ्या शेजारी. लई चपळ. पुढं जायचं म्हणून जेवायच्या सुट्टीतबी वायरींचे बोर्ड भरायची. कुणी सांगितलं न्हवतं, तिची स्वखुशी. साहेब घड्याळ घेऊन आला, तिचा वेग मोजला, आन् दुसऱ्या दिवसापासून तेच सगळ्यांचं टार्गेट. मग बायांना लघवीला जायची चोरी झाली. सोजरबाई आपली हाय तिथंच. सगळ्याच पळायल्यात म्हणल्यावर ती पुढं कशी ऱ्हाईल?"

विजयश्रीनं वही पुढं ओढली.

"आई, आणखी एकदा सांग. पहिल्यापासून."

दुसऱ्या दिवशी वर्ग भरला होता. निरंजन सरांनी विषय वाचला: निरोगी विद्यार्थ्यांना अभ्यासासाठी उत्तेजक गोळ्या घ्यायची मोकळीक असावी का?

सिद्धेश बोलला, आणि चांगला बोलला. शरीर माझं, मेंदू माझा. सज्ञान माणसानं धोका पत्करून गोळी घेतली तर तिसऱ्याच्या पोटात का दुखावं? आणि समानता म्हणाल तर ती आज तरी कुठं आहे? पैसेवाल्यांच्या पोरांना क्लास, एसी खोली, घरी येणारे शिक्षक. गोळी तर गरिबालाही वर आणेल. टाळ्या पडल्या.

विजयश्री उभी राहिली तसा तो बसल्या जागेवरून ओरडला, "सर, एक विचारायचंय. ही स्वतः रोज हीच गोळी खाते. हिचे मार्क मग चीटिंगचे नाहीत का?"

सगळ्या माना वळल्या.

"सिद्धेश, खाली बस," सर कडक आवाजात म्हणाले. "विजयश्री, याचं उत्तर द्यायची तुला गरज नाही."

"आहे, सर." ती वर्गाकडं वळली. "खाते मी. आजार आहे मला. हा काल माझ्याकडं तीच गोळी मागत होता. दिली असती तर आज मी चीटर ठरले नसते."

मागच्या बाकावरून कुणीतरी शिट्टी मारली.

"औषध आणि हाव यांच्यातली रेष सरळ नाही, हे मान्य. डॉक्टरही कधी कधी अडतात. म्हणून तर तपासण्या असतात. रेष पुसट आहे म्हणून ती पुसूनच टाकायची का? माझी गोळी मला तुमच्या सुरुवातीच्या रेघेवर आणून उभी करते. तुम्हाला ती काय देते? एका प्रयोगात निरोगी माणसांना ह्याच जातीच्या गोळ्या देऊन अवघड कोडी घातली. माणसं जास्त वेळ झटली, जास्त धडपडली, आणि धडपडीचा दर्जा मात्र घसरला. वर झोप उडते, छाती धडधडते, सवय लागते."

"जीव माझा आहे!" सिद्धेश म्हणाला.

"तुझा एकट्याचा असता तर मी गप्प बसले असते. माझी आई चाकणला लाइनवर आहे. तिथं एका बाईनं स्वखुशीनं वेग वाढवला. दुसऱ्या दिवशी ती स्वखुशी सगळ्यांचं टार्गेट झाली. आज तू गोळी घेशील, उद्या तुझा शेजारी. मग पेपर लांब होतील, कटऑफ चढेल, आणि ज्याला गोळी नको त्यालाही ती घ्यावी लागेल. त्याच्या स्वातंत्र्याचं काय करायचं?"

सरांनी मध्येच विचारलं, "पण मग क्लासलाही हाच नियम लावायचा का? तिथंही शेजाऱ्यावर दडपण येतंच."

तिनं वही मिटून बाकावर ठेवली.

"येतं, सर. क्लासचं दडपणही चांगलं नाही. पण क्लासमधून पोरगा निदान काहीतरी शिकून येतो. आणि गोळी गरिबाला वर आणते म्हणता? गरिबाच्या पोराला शिक्षक द्या ना! बसायला खोली द्या, रात्रीची झोप द्या! ते द्यायला नको म्हणून त्याच्या हातावर गोळी ठेवायची, आणि त्याला समानता म्हणायचं? लाज वाटली पाहिजे!"

टाळी आधी मागून आली. मग सगळा वर्ग बाक बडवायला लागला. सरांनी हात वर करायला सांगितले, तेव्हा तिच्या बाजूचे हात मोजायची गरजच उरली नाही. सिद्धेशनं कुठल्याच बाजूनं हात वर केला नाही. तो वहीच्या कोपऱ्यावर पेन गिरवत बसला होता.

दुपारची घंटा झाली. विजयश्रीचे पाय सवयीनं दाराकडं, टॉयलेटच्या दिशेनं वळले. ती दारातून परत फिरली. बाकावर येऊन बसली, बॅगेतून स्ट्रिप काढली आणि भर उजेडात समोर ठेवली. चंदेरी कागद चट् करून फाटला, तो आवाज पार शेवटच्या बाकापर्यंत गेला.

तिनं गोळी जिभेवर ठेवली, बाटली उचलून घटाघटा पाणी प्यायली.

सगळे बघत होते. स्ट्रिप तशीच बाकावर पडून होती. कुणीही मागितली नाही.