जबाबदाराचा रकाना

नव्या हॉस्पिटलच्या सगळ्या टीमचे अहवाल गोळा करून समितीसाठी जोखमी आणि टप्प्यांचं एकच पान बनवणं, हे माझं काम. वीजवाल्यांनी लिहिलं होतं, फायर अलार्मची चाचणी अग्निसुरक्षावाले करतील. अग्निसुरक्षावाल्यांनी लिहिलं होतं, वीजवाले करतील. आपापल्या अहवालात दोघेही हिरवे, म्हणजे सगळं ठीक. एका पानावर आणल्यावर दिसलं की चाचणी कुणीच करणार नाही. मी ती ओळ लाल केली आणि जबाबदाराचा रकाना रिकामा ठेवला.

प्रोजेक्ट मॅनेजर वैतागले. "दोघं हिरवे, मग तुझं लाल आलं कुठून? उद्घाटन तोंडावर आलंय. पिवळं कर. आणि रिकामा रकाना बरा दिसत नाही, तात्पुरतं तुझं नाव टाक."

"सर, मला अलार्ममधलं काय कळतं?"

"नावच तर टाकायचंय."

टाकलं. समिती फक्त लाल ओळी बघते, आणि लाल एकही नव्हती. उद्घाटनाचा टप्पा वेळेत पार पडला.

मग वरच्या मजल्यावर आग लागली. अलार्म वाजलाच नाही. झोपेतले रुग्ण झोपेतच गेले.

चौकशी अधिकाऱ्यांनी त्या पिवळ्या ओळीवर बोट ठेवलं. "ही जबाबदारी कुणाची होती?"

मी तोंड उघडायच्या आत शेजारी बसलेले मॅनेजर शांतपणे म्हणाले, "नाव लिहिलेलंच आहे, साहेब."